काजव्यांचं पोस्टर आणि चार वाक्यं

मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी या पट्ट्यात रात्री काजवे दिसायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते गर्दी करतात आणि पावसाने जोर धरला की ओसरतात. जेमतेम तीन-चार आठवड्यांचा हा खेळ. तो बघायला मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या भरून माणसं येतात. काही गाड्यांचे हेडलाइट आणि हातातल्या बॅटऱ्या एवढ्या प्रखर असतात, की काजव्यांचा उजेड त्यात हरवून जातो. नर आणि मादी एकमेकांना शोधतात ते याच उजेडाच्या खुणांनी, त्यामुळे आपल्या बॅटरीने फक्त पाहणाऱ्यांचाच बेरंग होतो असं नाही.

या भागात घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या एका कुटुंबाला यंदा पोस्टर हवं होतं. ए-थ्री आकाराचं, शहरातल्या कॉलेजांत, वाचनालयांत आणि चहाच्या दुकानांत लावण्याजोगं. म्हणणं सरळ होतं: या, पण थोडेच या आणि उजेड न घेता या. चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून चित्र एआयच्या साधनाकडून काढून घ्यायचं ठरलं. अशा कामात मला रस असल्यामुळे मी त्यात पडलो.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात, ते आपण सगळे पाहतो. ‘काजवा महोत्सवाचं सुंदर, आकर्षक पोस्टर’ असं लिहायचं आणि बटण दाबायचं. चित्र येतं, बरं वाटतं, पण काहीतरी खटकतं. मग ‘अजून आकर्षक’, ‘अजून जादुई’, ‘झाड मोठं कर’, ‘वारली शैलीत कर’. तासाभराने फोनमध्ये पन्नास चित्रं जमतात. प्रत्येकात एकाच वेळी पाच गोष्टी बदललेल्या असतात, त्यामुळे कुठलं का आवडलं हे सांगता येत नाही. शेवटी वैतागून सगळ्यात शेवटचं चित्र निवडलं जातं. घाईने चित्र काढण्याची सोय झाली, पण निवड करण्याची काही झाली नाही.

यावर उपाय म्हणजे बटण दाबण्याच्या आधी कागदावर थोडं काम करणं. मोजकी वाक्यं आधीच ठरवायची, आणि ती अशी की दोन वाक्यांत एकाच गोष्टीचा फरक असेल. बाकी सगळं जसंच्या तसं. शेतकरी दोन वाणांची पारख करतो तेव्हा दोन्ही एकाच रानात, एकाच दिवशी, सारख्याच खतपाण्यावर पेरतो, तसंच हे आहे. रानही वेगळं आणि खतही वेगळं असेल तर पीक चांगलं आलं ते वाणामुळे की खतामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी हिशेब पाहू. पोस्टरच्या चित्रात ठरवण्याच्या ठळक गोष्टी चार: चित्रात काय दिसणार, ते कोणत्या शैलीत, रंग कोणते आणि मांडणी कशी. प्रत्येकीचे तीनच पर्याय धरले तरी एक्याऐंशी वाक्यं होतात. प्रत्येक वाक्याची चार चित्रं काढली तर तीनशे चोवीस. एवढी चित्रं कोणी डोळसपणे बघू शकत नाही. म्हणून फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत फक्त ‘काय दिसणार’ हे बदलायचं. जे टिकेल ते घेऊन दुसऱ्या फेरीत फक्त शैली. तिसऱ्यात उरलेली एखादी गोष्ट. दहा-बारा वाक्यांत काम उरकतं.

क्रम महत्त्वाचा आहे. कल्पना आधी आणि शैली नंतर, कारण शैली डोळ्यांना लगेच भुरळ घालते. सुरुवातीलाच जलरंग, तैलरंग, फोटो असे पर्याय काढले तर आपण ‘कुठलं देखणं आहे’ याच प्रश्नात अडकतो आणि ‘हे पोस्टर काय सांगतंय’ हा प्रश्न मागे पडतो.

तर पहिलं काम म्हणजे न बदलणारा भाग लिहून काढणं. आमचा असा होता:

```
उभं पोस्टर-चित्र, प्रमाण २:३. अमावास्येची रात्र, गडद निळं आकाश.
वरचा एक तृतीयांश भाग म्हणजे नुसतं मोकळं आकाश.
प्रकाश फक्त काजव्यांचा, हिरवट पिवळा.
सपाट रंगांचं साधं चित्र, तीन-चारच रंग.
```

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. वरचा भाग मोकळा हवा, कारण मथळा तिथे बसणार. ‘हिरवट पिवळा’ असं स्पष्ट लिहिलं, कारण नुसतं ‘प्रकाश’ म्हटलं की ही साधनं दिव्याचा नारिंगी उजेड काढतात. आणि ‘अमावास्येची रात्र’ हे ‘चंद्र नको’च्या जागी आलेलं आहे. चित्र काढणाऱ्या साधनांना ‘नको’ हा शब्द नीट पचत नाही. ‘चंद्र नको’ म्हटलं की वाक्यातला ‘चंद्र’ त्यांना भिडतो आणि ‘नको’ निसटतो, मग चांगला वाटोळा चंद्र आकाशात हजर. नवी साधनं या बाबतीत सुधारली आहेत, तरी जे हवं आहे तेच लिहावं, ही सवय बरी. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी जागा असते, मिडजर्नीत त्यासाठी `--no` असं लिहितात. तशी सोय असेल तर ती वापरावी, पण मुख्य वाक्यात नकार घालू नये.

‘सुंदर’, ‘जादुई’, ‘आकर्षक’ हे शब्द मुद्दाम गाळले. या शब्दांनी चित्र सुंदर होत नाही, ते गुळगुळीत होतं. सगळीकडे चकाकी येते, जांभळं धुकं येतं, आणि अकोले तालुक्यातला डोंगर परीकथेतल्या जंगलासारखा दिसायला लागतो.

आता बदलणारा भाग. आम्ही चार कल्पना ठरवल्या आणि प्रत्येकीला अक्षर दिलं. अ: डोंगरउतारावर एकच पसरट, पानगळीचं झाड, फांद्यांवर काजवे. ब: बांधावर पाठमोरे बसलेले आजोबा आणि नात, समोरच्या दरीत काजवे. क: पानाच्या टोकावर बसलेला एकच काजवा, अगदी जवळून. ड: अंधारात एका हातात पडदा बंद असलेला मोबाइल, भोवती काजवे.

या चारही कल्पना एकमेकींपासून लांब आहेत, हे लक्षात घ्यावं. ‘झाड’, ‘दोन झाडं’ आणि ‘झाड आणि तळं’ असे तीन पर्याय घेतले असते तर फेरी वाया गेली असती, कारण ती एकच कल्पना आहे. प्रत्येक पर्यायाने वेगळा दावा करायला हवा. अ म्हणतो, देखावा बघा. ब म्हणतो, कोणाबरोबर तरी बसून बघा. क म्हणतो, हा जीव बघा. ड म्हणतो, आधी उजेड बंद करा. एखाद्या पर्यायासमोर असं एक वाक्य लिहिता येत नसेल तर तो काढून टाकावा. आमचा पाचवा पर्याय होता ‘गाव आणि डोंगर’, तो याच कारणाने गेला.

‘हिरडा’ असं झाडाचं नाव न लिहिता ‘पसरट, पानगळीचं’ का लिहिलं, असा प्रश्न पडेल. साधनाला हिरडा ओळखता येईलच असं नाही, आणि ओळखता आला नाही तर ते गप्प बसत नाही, जे जास्त वेळा पाहिलं आहे ते काढतं. काजव्यांच्या चित्रांत ते बहुधा सूचिपर्णी झाडं असतात. सह्याद्रीत देवदार उगवलेले बघायचे नसतील तर नाव नाही, रूप सांगावं.

निकष मात्र चित्रं बघण्याच्या आधी लिहावेत. एकदा चित्रं डोळ्यांसमोर आली की आपण आवडलेल्या चित्राला सोयीचे निकष शोधतो. आमचे तीन होते. सहा फुटांवरून हे रात्रीचं आणि काजव्यांचं आहे हे कळतं का? मथळा वर बसवला तर वाचता येतो का? आणि जे चित्र दाखवतंय ते गावात आल्यावर खरंच दिसेल का? तिसरा निकष मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्याकडे पुढे येऊच.

प्रत्येक वाक्याची चार चित्रं काढायची. एक का नाही? कारण यांतली बरीच साधनं सुरुवात करतात ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंगाटापासून, आणि तो गोंगाट हळूहळू निवळत चित्र होतं. सुरुवातीचा गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून एकाच वाक्याची चित्रंही वेगळी. त्या गोंगाटाला एक आकडा असतो, त्याला `seed` म्हणतात. मिडजर्नी किंवा स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनांत तो आकडा आपण देऊ शकतो, आणि मग चारही वाक्यांना तेच चार आकडे दिले की तुलना अधिक न्याय्य होते. गप्पा मारत वापरायच्या साधनांत हा आकडा बहुधा हाताशी नसतो. तिथे प्रत्येक वाक्याची चारेक चित्रं काढणं, हाच इलाज.

अशा गप्पांच्या साधनांत आणखी एक खाचखळगा आहे. एकाच संवादात अ नंतर ब मागितला तर ब वर अ ची सावली पडते. तोच रंग, तोच डोंगर, कधी तेच झाड. प्रत्येक पर्यायाला नवा संवाद उघडावा. शिवाय काही साधनं आपलं वाक्य चित्राकडे पाठवण्याआधी स्वतःच फुलवून लिहितात. ओपनएआयचं डॅल-ई ३ हे उघडपणे करायचं, बदललेलं वाक्य दाखवतही असे. आपण एकच शब्द बदलला असं समजावं आणि साधनाने मागच्या मागे पाच बदलावेत, असं होऊ शकतं. म्हणून ‘हेच वाक्य जसंच्या तसं वापर’ असं सांगावं आणि दिसत असेल तर वापरलेलं वाक्य तपासावं.

आता निकाल. अ च्या चारही चित्रांत झाड दिवाळीच्या लायटिंगसारखं आलं. सारख्या अंतरावर सारखे ठिपके, जणू फांद्यांना माळा गुंडाळल्या आहेत. ब मध्ये बसण्याची पद्धत, मोकळं आकाश, खालच्या बाजूची काळी आकृती हे चारही चित्रांत जमलं होतं, पण तिघांत नातीच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत काजवे. आम्ही बरणीचं नावही घेतलं नव्हतं. क मध्ये काजवा म्हणून आलेला किडा प्रत्येक चित्रात निराळा होता. एकात उजेड डोक्यातून निघत होता, एकात पाठीवर बल्ब बसवल्यासारखा. खऱ्या काजव्याचा उजेड पोटाच्या शेवटच्या भागात, खालच्या बाजूला असतो. ड मध्ये चारही चित्रांत मोबाइलचा पडदा लख्ख पेटलेला.

इथे या पद्धतीचा खरा फायदा दिसतो. दोष एकाच चित्रात असेल तर तो योगायोग, पुन्हा काढलं की जातो. चारही चित्रांत तोच दोष असेल तर तो वाक्यात आहे, किंवा साधनाने जे पाहिलं आहे त्यात आहे, आणि नुसतं पुन्हा-पुन्हा बटण दाबून तो जाणार नाही. एकच चित्र काढलं असतं तर हा भेद कळलाच नसता. अ चं एखादं बरं चित्र हाती लागलं असतं तर आपण त्याच्या मागे तासभर घालवला असता.

बरणीचं कारण सांगण्याजोगं आहे. इंग्रजी जगात लहान मुलांनी काजवे पकडून बरणीत ठेवणं हे उन्हाळ्याचं ठरलेलं चित्र आहे. साधनाने ज्या असंख्य चित्रांवरून शिकून घेतलं, त्यांत ‘मूल आणि काजवे’ एकत्र आले की बरणी आलीच. आमच्या पोस्टरला तर ती विषासारखी, कारण काजवे पकडू नका हेच तर सांगायचं होतं. पण हा दोष दुरुस्त होण्यातला आहे. ‘बरणी नको’ असं न लिहिता हाताला काम द्यायचं: ‘दोघांचे हात गुडघ्यांभोवती गुंफलेले.’ पुढच्या खेपेला बरण्या गायब झाल्या.

ड चा दोष तसा नव्हता. रात्र आणि मोबाइल म्हटलं की पेटलेला पडदाच साधनाने पाहिलेला. ‘काळा, निर्जीव काचेचा आयत’ असं लिहूनही चारांत दोन पडदे पेटलेलेच राहिले. कल्पना चांगली, पण हत्यार साथ देत नाही. तरी ती टाकली नाही, याचं कारण पुढे येईल.

चित्रं बघण्याची रीतही ठरवून घ्यावी. फोनवर बोटाने सरकवत बघितली की शेवटचं चित्र जिंकतं. आम्ही सोळाही चित्रं साध्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात, वहीच्या अर्ध्या पानाएवढी छापली. प्रत्येकावर त्याच जागी, त्याच आकारात तात्पुरता मथळा टाकला: ‘काजवे बघायला या, उजेड घरी ठेवून.’ मथळा टाकणं गरजेचं आहे. नुसतं चित्र म्हणून जे सुंदर असतं ते अक्षरं आल्यावर गुदमरू शकतं, आणि जे रिकामं वाटत होतं तेच मथळ्याला जागा देतं. भिंतीवर चार रांगा लावल्या, एका रांगेत एका पर्यायाची चारही चित्रं. अ मधलं उत्तम आणि ब मधलं वाईट अशी तुलना व्हायला नको, म्हणून रांगेची रांगेशी तुलना करायची. आपण चित्र निवडत नसतो, दिशा निवडत असतो. चारांतली तीन बरी येणारी दिशा ही चारांत एकच झकास येणाऱ्या दिशेपेक्षा भरवशाची.

मग दोन-तीन अशा माणसांना बोलवायचं ज्यांना या कामाचं काही माहीत नाही. ‘कुठलं आवडलं?’ असं विचारायचं नाही. ‘हे कशाचं आहे?’ एवढंच, तेही मथळा झाकून. क समोर उत्तर आलं, कीटकनाशकाची जाहिरात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. अ समोर, लग्नाचा हॉल किंवा रिसॉर्ट. ब समोर, गावाकडची रात्र, सुट्टी, आजोबा. काजवे हा शब्द लगेच आला नाही, पण मथळा उघडल्यावर चित्र आणि शब्द एकमेकांना धरून बसले. ब पुढे गेला, ड राखीव राहिला.

राखीव का ठेवायचा? ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ या नियमाला एक मर्यादा आहे. सपाट रंगांत हरलेली कल्पना दुसऱ्या शैलीत जिंकू शकते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशरने प्रयोग कसे आखावेत यावर १९३५ साली पुस्तक लिहिलं. एक-एक घटक सुटा तपासला की घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम हातातून निसटतो, हा त्याचा आग्रहाचा मुद्दा होता. पोस्टरसाठी त्याचं सगळं गणित मांडायची गरज नाही. दुसऱ्या क्रमांकाची कल्पना पुढच्या फेरीत एकदा तरी आजमावली, की निदान मोठी चूक टळते.

दुसऱ्या फेरीत ब च्या वाक्यातली फक्त शैलीची ओळ बदलली. एक: लाकडी ठशाने छापल्यासारखं चित्र, जाड कडा, तीन शाया. दोन: जलरंग. तीन: रात्रीचं छायाचित्र. आणि ड फक्त ठशाच्या शैलीत.

घरातल्या तरुण मंडळींनी वारलीचा आग्रह धरला होता. मी विरोध केला, आणि आजही करेन. वारली ही डहाणू-पालघरकडची. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर राहतात. ‘आदिवासी म्हणजे वारली’ हे समीकरण पोस्टरांनी आधीच पुरेसं पसरवलेलं आहे. त्यात ही साधनं वारलीच्या नावाखाली जे काढतात त्यात बरेचदा मेंदीची नक्षी आणि मंडलं मिसळलेली असतात.

छायाचित्राच्या शैलीतली चित्रं फोनवर सगळ्यांत देखणी दिसली. दरीभर हजारो उजेडाच्या रेषा, झाडं पेटल्यासारखी. इथे तो तिसरा निकष कामी आला. काजव्यांची जी छायाचित्रं आपण इंटरनेटवर पाहतो त्यांतली पुष्कळशी एका क्षणाची नसतात. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून, किंवा अनेक छायाचित्रं एकावर एक रचून ती केलेली असतात, म्हणून अर्ध्या तासातले सगळे लुकलुक एकदम दिसतात. साधन अशाच छायाचित्रांवर शिकलेलं. ते बघून आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ‘एवढेच?’ म्हणणार आणि अजून गर्दीच्या झाडाकडे गाडी दामटणार. पोस्टरने तसं करायला नको. जलरंगात अडचण साधी होती: एवढा काळोख जलरंगाला मानवत नाही, सगळ्या रात्री मळकट आल्या.

ठशाची शैली तिन्ही कसोट्यांवर उभी राहिली. काळ्या-पांढऱ्या छपाईतही आकृती स्पष्ट राहिल्या. आणि गंमत म्हणजे याच शैलीत ड देखील जमला. ठशात मोबाइल म्हणजे नुसता काळा आयत, उजेडाचा प्रश्नच मिटला. पहिल्या फेरीत जो दोष हटत नव्हता तो शैली बदलल्याबरोबर गेला. तरी भिंतीवरच्या परीक्षेत लोकांनी त्याला ‘मोबाइलबंदी’चं पोस्टर म्हटलं. तो नियम सांगतो, बोलावत नाही. शेवटी ब पोस्टरला गेला आणि ड मुक्कामाच्या खोल्यांत लावायच्या नियमांच्या पत्रकावर.

तिसरी फेरी छोटी होती, फक्त काजव्यांचं प्रमाण. आकड्यात मागून उपयोग नाही, ‘बारा काजवे’ म्हटलं की नऊही येतात आणि तीसही, मोजणी हा या साधनांचा प्रांत नव्हे. म्हणून शब्दांत: ‘अगदी विरळ’, ‘दरीत पुंजक्यापुंजक्याने’, ‘दाट’. पुंजके सरस ठरले. खरे काजवेही काही झाडांवर दाट आणि काहींवर अजिबात नाहीत असेच असतात, आणि मथळ्याजवळ ठिपके येत नसल्याने अक्षरं सुटी राहिली.

अक्षरं मात्र साधनाकडून लिहून घेतली नाहीत. देवनागरी आता पूर्वीपेक्षा बरी येते, पण ‘काजव्यांच्या’ अशा शब्दातला अर्धा व आणि च्या खालीवर होतोच, आणि फोन नंबरातला एक आकडा चुकला की पोस्टर कचऱ्यात. मजकूर नेहमीच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या फाँटमध्ये घालावा.

आकाराचंही आधीच पाहावं. ए-थ्री कागद ११.७ बाय १६.५ इंच. अशा साधनांतून येणारं उभं चित्र बरेचदा १०२४ बाय १५३६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे ए-थ्रीवर इंचाला नव्वदच्या आसपास ठिपके. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. छायाचित्राच्या शैलीत हे धूसर दिसलं असतं. ठशाच्या चित्राचे सपाट रंग आणि स्वच्छ कडा मात्र रेषाचित्रात रूपांतरित करून हव्या तेवढ्या मोठ्या करता येतात. शैली निवडताना हे पारडंही झुकलं होतं. २:३ हे प्रमाण ए-थ्रीपेक्षा थोडं उंच आहे, त्यामुळे उंचीतला जवळपास सहा टक्के भाग कापला जातो. आजोबांचे पाय काठाला टेकलेले असतील तर ते जातात. आणि पडद्यावर झगमगणारा तो हिरवट पिवळा छापखान्याच्या चार शायांत थोडा मरतोच, म्हणून सगळी प्रत काढण्याआधी एक नमुना प्रत काढून घ्यावी.

प्रत्येक फेरीची नोंद मात्र ठेवावी: पर्यायाचं अक्षर, पूर्ण वाक्य, साधनाचं नाव, तारीख, `seed` मिळत असेल तर तो, आणि चारही चित्रांत दिसलेला दोष. ही साधनं वरचेवर बदलतात. पुढच्या मे महिन्यात तेच वाक्य तसंच चित्र देईल याची खात्री नाही, पण कुठली कल्पना का हरली हे वहीत असेल तर पुन्हा कीटकनाशकाच्या जाहिरातीपर्यंत जावं लागणार नाही.

आणि दोन फेऱ्या होऊनही सगळ्या पर्यायांत तोच दोष राहिला, चारही दिशांना तीच बरणी आणि तोच देवदार उगवत राहिला, तर थांबावं. तुमचा विषय त्या साधनाने पुरेसा पाहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आणखी वाक्यं रचण्यापेक्षा तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना गाठा आणि त्यांच्या कामाचे पैसे द्या. भिंतीवरच्या चार रांगा त्यांना दाखवल्या तर काय हवं आणि काय नको हे पाच मिनिटांत कळेल.